बेरोजगारीचा दर उतरला म्हणजे नोकऱ्या वाढल्या? या चुका टाळा

बेरोजगारीच्या दराचं गणित एका भागाकाराचं. तरी इंदूरच्या भंवरकुआँ भागात एमपीपीएससीची तयारी करणारी हुशार मुलंसुद्धा त्यात गुण घालवतात, कारण कोणाला कुठल्या रकान्यात घालायचं हे ठरवण्याआधीच ती भागायला बसतात.

रकाने तीन आहेत: काम करणारे, बेरोजगार आणि श्रमशक्तीबाहेरचे. बेरोजगार तोच, ज्याच्याकडे काम नाही आणि जो काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे. आता सराफ्यात रात्री वडिलांच्या दुकानावर गराडू तळायला उभा राहणारा मुलगा घ्या. त्याला पगार नाही, म्हणून मुलं त्याला बेरोजगार लिहितात. पण घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा काम करणाऱ्यांतच मोजला जातो. त्याची आई फक्त घर सांभाळते आणि बाहेरचं काम शोधत नाही; ती श्रमशक्तीबाहेर. दिवसभर लायब्ररीत बसणारा परीक्षार्थी मात्र खरा अवघड. तो अर्ज करत असेल किंवा आज काम मिळालं तर धरायला तयार असेल, तर बेरोजगार. शिक्षणातच गुंतलेला असेल आणि कामाला उपलब्धच नसेल, तर बाहेर. त्याच्या घरचे त्याला काय म्हणतात, याचा इथे संबंध नाही.

आता एक काल्पनिक वॉर्ड धरू. १५ वर्षांवरची लोकसंख्या २०,०००, काम करणारे ९,४०० आणि बेरोजगार ६००. दोन्ही मिळून श्रमशक्ती १०,००० झाली.

```
बेरोजगारी दर = ६०० ÷ १०,००० × १०० = ६%
सहभाग दर = १०,००० ÷ २०,००० × १०० = ५०%
कामगार-लोकसंख्या प्रमाण = ९,४०० ÷ २०,००० × १०० = ४७%
```

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ६०० ला २०,००० ने भागून ३ टक्के लिहिणं. बेरोजगारीच्या दरात छेद श्रमशक्तीचा असतो, सहभागाच्या दरात लोकसंख्येचा. ६०० ला ९,४०० ने भागणारेही भेटतात, उत्तर ६.४ येतं, खऱ्याच्या जवळचं वाटतं आणि म्हणून पकडलं जात नाही.

पकडायची युक्ती सोपी आहे. सहभाग दरातून बेरोजगारांचा वाटा वजा केला की कामगार-लोकसंख्या प्रमाण मिळायलाच हवं. इथे श्रमशक्तीतले ६ टक्के बेरोजगार, म्हणजे ९४ टक्के कामावर: ५० × ०.९४ = ४७, म्हणजे गणित बरोबर. देशाच्या आकड्यांवरही हे चालतं. २०२३-२४ च्या पीएलएफएस या सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्यांचा सहभाग दर ६०.१, बेरोजगारी ३.२ आणि कामगार प्रमाण ५८.२ टक्के होतं. ६०.१ ला ०.९६८ ने गुणून पाहा, ताळा जमतो. हे तिन्ही आकडे ‘नेहमीच्या स्थिती’चे, म्हणजे गेल्या वर्षभराच्या हिशेबाचे आहेत. त्याच वर्षी साप्ताहिक स्थितीनुसार बेरोजगारी ४.९ टक्के होती. तिथे गेल्या ७ दिवसांचा हिशेब असतो आणि आठवड्यात १ तास काम केलेलाही काम करणाऱ्यांत जातो. २०२५ पासून दर महिन्याला येणारे आकडे साप्ताहिक स्थितीचे असतात. ते जुन्या ३.२ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ असं लिहिणं म्हणजे वेगळ्या मापाची तुलना.

परत वॉर्डाकडे येऊ. समजा ६०० पैकी २०० जण कंटाळले. ‘मिळत नाही तर कशाला हिंडा’ म्हणून त्यांनी शोध सोडला. बेरोजगार ४००, श्रमशक्ती ९,८००, दर ४.१ टक्के. एकालाही नोकरी मिळालेली नाही, तरी दर जवळपास २ टक्केबिंदूंनी उतरला. इथे घाईत निष्कर्ष काढणारा फसतो. शेजारचे दोन आकडे पाहिले की गोम कळते: सहभाग ५० वरून ४९ वर आला आणि कामगार प्रमाण ४७ वरच राहिलं.

उलटही होतं. मूळ आकड्यांवर समजा ३०० बायका नव्याने काम शोधायला निघाल्या आणि त्यांतल्या १०० जणींना काम लागलं. काम करणारे ९,५००, बेरोजगार ८००, श्रमशक्ती १०,३००. दर ७.८ टक्क्यांवर चढला, पण कामावर असणारी माणसं १०० ने वाढली आणि सहभाग ५१.५ टक्के झाला. माझ्या मते दराचा आकडा एकटा कधीच वाचू नये.

सरासरीचाही एक सापळा आहे. पुरुषांची श्रमशक्ती ७,००० आणि बेरोजगार ३५०, म्हणजे ५ टक्के. स्त्रियांची ३,००० आणि २५०, म्हणजे ८.३ टक्के. दोन्हींची सरासरी ६.७ काढू नका. माणसं आधी मिळवा, मग भागा: उत्तर ६ च येईल.

बेरोजगारीचा प्रकार ओळखताना बहुतेक जण किती दिवस घरी बसलाय हे पाहतात. कालावधीवरून अंदाज येतो, पण प्रकार ठरतो कारणावरून. दोन प्रश्न विचारा: या माणसाला बसेल अशी जागा कुठे आहे का, आणि असेल तर तो तिथवर पोचत का नाही? विजयनगरमधल्या कंपनीतली नोकरी सोडून चांगल्या पगाराची शोधणारी अकाउंटंट घर्षणात्मक बेरोजगारीत येते. जागा आहेत, ती त्यांना बसते, गाठ पडायला वेळ लागतोय. पीथमपूरच्या वाहन-सुट्या-भागांच्या कारखान्यात ऑर्डरी आटल्या म्हणून काढलेला फिटर चक्रीय बेरोजगारीत. त्याचं कौशल्य जुनं झालेलं नाही, मागणी पडली आहे, आणि त्या वेळी सगळ्याच कारखान्यांत हात आखडलेले असतात. एकट्या त्याच्याच कारखान्यात यंत्र आलं आणि म्हणून त्याला काढलं असेल, तर चक्रीय लिहू नका.

संरचनात्मकसाठी इंदूरला उदाहरण शोधावं लागत नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. शहरातल्या कापड गिरण्या एकेक करून थांबल्या आणि त्या मागे काही वर्षांची मंदी नव्हती. जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा आणि बदललेला धंदा होता. विणकराचं कसब हातात होतं, त्याला घेणारी गिरणी नव्हती. मंदी सरली की फिटरला परत बोलावतील. या विणकराला कोण बोलावणार?

पण इथेच एक बारीक चूक होते. हुकुमचंदच्या कामगारांची थकबाकी डिसेंबर २०२३ मध्ये मिळायला लागली, म्हणून काही जण लिहितात की ते तोवर ३२ वर्षं बेरोजगार होते. थकबाकी हा देण्या-घेण्याचा प्रश्न, श्रमस्थितीचा नव्हे. गिरणी गेल्यावर ज्याने हातगाडी लावली किंवा रिक्षा धरली, तो सर्वेक्षणात काम करणारा ठरतो, मिळकत निम्मी झाली तरी. जो वय झालं म्हणून घरी बसला, तो श्रमशक्तीबाहेर गेला. बेरोजगार राहिला तो फक्त काम शोधत राहिलेला. त्यामुळे संरचनात्मक धक्का पुढे दरात फारसा दिसत नाही. तो उतरलेल्या सहभागात आणि हलक्या कामांत मुरतो.

शेवटची चूक वजाबाकीतली. घर्षणात्मक आणि संरचनात्मक मिळून जो दर धरतात तो नैसर्गिक दर, आणि प्रत्यक्ष दरातून तो वजा केला की चक्रीय भाग. वॉर्डात नैसर्गिक दर ४.५ धरला तर ६ मधले १.५ चक्रीय. उत्तर ऋण आलं म्हणजे गणित चुकलं असं समजून चिन्ह पुसू नका: तेजीत प्रत्यक्ष दर नैसर्गिक दराखाली जातोच. आणि हा ४.५ कोणी दारोदार मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. परीक्षेत दिलेला असेल तरच वापरा.