फोटोतल्या वेग-काल आलेखावरून त्वरण आणि कापलेले अंतर कसे काढावे

भौतिकशास्त्राच्या स्वाध्यायातला वेग-काल आलेख आता बहुधा पुस्तकाच्या पानावर नव्हे, तर मोबाइलच्या पडद्यावर समोर येतो. पानाचा फोटो कोणीतरी घाईत काढलेला असतो आणि त्यात पान थोडे तिरके, एका बाजूने रुंद व दुसऱ्या बाजूने निमुळते झालेले असते. अशा चित्रावर पट्टी किंवा कोनमापक ठेवून मोजले, तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते. म्हणून फोटोत काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आधी समजून घ्यावे.

कॅमेरा कागदाच्या अगदी समोर नसला, तर जवळच्या बाजूचे चौकोन मोठे आणि दूरच्या बाजूचे लहान दिसतात. लांबी, कोन आणि क्षेत्रफळ ही तिन्ही त्यामुळे बिघडतात. मात्र आलेखाची रेषा छापील पानावर ज्या दोन रेघांच्या छेदनबिंदूतून जात असेल, त्याच छेदनबिंदूतून ती फोटोतही जाते. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकलेले असले तरी आलेखरेषेबरोबर चौकोनांच्या रेघाही तितक्याच वाकतात, त्यामुळे ही गोष्ट तेथेही खरी राहते. याचा अर्थ असा की फोटोवर काहीही मोजायचे असेल, तर ते सेंटिमीटरमध्ये न मोजता चौकोनांच्या रेघा मोजून वाचावे. आलेखाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेमी = १० सेकंद’ असे लिहिलेले असते, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी पडद्यावर पट्टी लावतात; पण तो सेंटिमीटर मूळ कागदावरचा असतो, आणि फोटोत त्याचा अर्थ ‘एक मोठा चौकोन’ एवढाच उरतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. एक बस थांब्यावरून निघते आणि पुढच्या थांब्यावर थांबते. आडव्या अक्षावर काळ सेकंदांत आहे आणि उभ्या अक्षावर वेग किमी/तास या एककात आहे. दोन्ही अक्षांवर एका मोठ्या चौकोनाची किंमत १० असून त्यात दहा लहान भाग आहेत, म्हणजे एका लहान भागाची किंमत १ आहे. ही किंमत गृहीत न धरता अक्षावरच्या दोन छापील आकड्यांमधला फरक घ्यावा आणि त्याला त्यांच्यामधल्या भागांच्या संख्येने भागावे. अक्षांची नावेही याच वेळी वाचावीत, कारण उभ्या अक्षावर ‘वेग’ऐवजी ‘अंतर’ असेल, तर तो अंतर-काल आलेख ठरतो आणि पुढचा सगळा अर्थच बदलतो.

आता आलेखरेषा जेथे वळते ते बिंदू वाचावेत. पडदा मोठा करून त्या बिंदूपासून उभ्या रेघेवरून बोट खाली न्यावे आणि आडव्या रेघेवरून डावीकडे न्यावे. बोट छापील रेघेवरूनच सरकले पाहिजे. पडद्याच्या कडेला समांतर नेले, तर तिरक्या फोटोत ते भलत्याच आकड्यावर पोहोचते. आपल्या आलेखात बस ० सेकंदाला ० वेगाने निघते, २० सेकंदांना ५४ किमी/तास वेग गाठते, ६० सेकंदांपर्यंत तोच वेग राखते आणि ७५ सेकंदांना थांबते.

एककांचे रूपांतर आताच करून घ्यावे. किमी/तासातल्या आकड्याला ३.६ ने भागले की तो मी/से मध्ये मिळतो, म्हणून ५४ ÷ ३.६ = १५ मी/से.

त्वरण म्हणजे या आलेखाच्या रेषेचा चढ, म्हणजेच वेगातला बदल भागिले त्याला लागलेला काळ. पहिल्या टप्प्यात त्वरण = (१५ − ०) ÷ २० = ०.७५ मी/से² येते. मधल्या टप्प्यात वेग बदलत नाही, म्हणून त्वरण शून्य आहे. शेवटच्या टप्प्यात (० − १५) ÷ (७५ − ६०) = −१ मी/से² असे ऋण त्वरण मिळते, आणि हे ऋण चिन्ह उत्तरात लिहायलाच हवे.

चढ काढण्यासाठी घेतलेले दोन बिंदू एकमेकांपासून शक्य तितके दूर असावेत. फोटो अस्पष्ट असल्यामुळे वेग वाचताना एका लहान भागाची, म्हणजे १ किमी/तासाची चूक झाली, तर ५४ च्या फरकात ती सुमारे २ टक्के ठरते. पण दोनच सेकंदांच्या अंतरावरचे बिंदू घेतले, तर वेगातला फरक अवघा ५.४ असतो आणि तीच चूक सुमारे १९ टक्क्यांवर जाते. रेषा खरोखर सरळ आहे का, हे मधल्या एका बिंदूवरून तपासता येते. येथे १० सेकंदांना वेग २७ किमी/तास, म्हणजे ५४ च्या निम्मा वाचला जातो, म्हणून त्वरण एकसमान आहे. ही तपासणी डोळ्यांच्या अंदाजाने करू नये, कारण तिरक्या फोटोत रेषेचा मध्य मध्यभागी दिसत नाही.

कापलेले अंतर म्हणजे आलेखरेषा आणि शून्य वेगाचा अक्ष यांच्यामधले क्षेत्रफळ. पहिला त्रिकोण ½ × २० × १५ = १५० मीटर, मधला आयत ४० × १५ = ६०० मीटर आणि शेवटचा त्रिकोण ½ × १५ × १५ = ११२.५ मीटर, असे एकूण अंतर ८६२.५ मीटर होते. हीच आकृती समलंब चौकोन मानून ½ × (७५ + ४०) × १५ असे केले तरीही ८६२.५ मीटरच येतात.

रेषा वक्र असेल तेव्हा सूत्राऐवजी चौकोन मोजावे लागतात, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते. आपल्या आलेखातला एक मोठा चौकोन म्हणजे १० किमी/तास × १० सेकंद. त्याला १०० मीटर समजणे चूक आहे. एककाचे रूपांतर केल्यावर त्याची किंमत १०० ÷ ३.६, म्हणजे सुमारे २७.८ मीटर होते. आलेखाखाली सुमारे ३१ मोठे चौकोन भरतात, आणि ३१ × २७.८ हे साधारण ८६२ मीटर येतात, जे वरच्या उत्तराशी जुळते. दूरच्या बाजूचे चौकोन फोटोत लहान दिसत असले, तरी प्रत्येकाची किंमत सारखीच धरावी.

उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे न पाहता क्षेत्रफळ काढू नये. समजा, एका मोटारीचा वेग १० सेकंदांत १० वरून १५ मी/से झाला आणि आलेखातला सर्वांत खालचा आकडा ५ आहे. चढ ०.५ मी/से² बरोबरच येतो, कारण त्यात वेगांचा फक्त फरक लागतो. पण दिसणाऱ्या आकृतीचे क्षेत्रफळ ७५ मीटरच भरते, तर खरे अंतर ½ × (१० + १५) × १० = १२५ मीटर आहे. राहिलेले ५० मीटर, म्हणजे ५ × १० चा आयत, चित्राच्या खाली न दिसणाऱ्या भागात आहेत आणि ते मिळवावे लागतात. फोटोची खालची कड कापली गेली असेल, तर अक्षाचा पहिला आकडा दिसणारा फोटो पुन्हा मागवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

रेषा शून्याच्या अक्षाखाली गेली, तर वस्तू उलट दिशेने जात आहे असे समजावे. आपली बस थांबल्यावर २० मीटर मागे गेली असती, तर कापलेले अंतर ८८२.५ मीटर आणि विस्थापन ८४२.५ मीटर झाले असते. म्हणून प्रश्नात यांपैकी काय विचारले आहे, ते पाहूनच अक्षाखालचे क्षेत्रफळ मिळवावे किंवा वजा करावे.