ग्राहक तक्रारीचा व्हिडिओ करताय? स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

24 डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन जवळ आला की पुण्यातली कॉलेजं, सोसायट्या आणि गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ‘तक्रार कशी करावी’ या विषयावर पाच मिनिटांचा व्हिडिओ करायची हुक्की येते. अशा स्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला येतात. कॅमेरा, पार्श्वसंगीत, हसरी निवेदिका सगळं ठीक असतं. घोळ असतो तो मजकुरात, आणि तोही बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी. म्हणून एकच काल्पनिक प्रसंग घेतो आणि स्क्रिप्ट कुठे घसरते ते त्यावरच दाखवतो.

धायरीतल्या एका मावशींनी 14 फेब्रुवारी 2025 रोजी 31,500 रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं. एप्रिलमध्ये ड्रममधून खडखडाट सुरू झाला. सर्व्हिस सेंटरचा माणूस तीनदा येऊन गेला. 9 जुलै 2025 रोजी कंपनीचा ईमेल आला: उंदराने वायर कुरतडली आहे, हे वॉरंटीत बसत नाही.

1915 म्हणजे आयोग नव्हे

जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये हे वाक्य असतं: ‘1915 वर फोन करा, तुमची तक्रार दाखल झाली!’ पुढे टाळ्यांचा आवाज.

1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती तुमची तक्रार नोंदवते, एक क्रमांक देते आणि कंपनीकडे पाठवते. कंपनीला अब्रूची चाड असेल तर आठ-पंधरा दिवसांत फोन येतो आणि काम होऊनही जातं. अनेकांचं होतं, म्हणून आधी तिथे जा असं सांगायला माझी हरकत नाही. पण कंपनीने ‘उंदीर’ म्हणून हात वर केले तर हेल्पलाइन तिला आदेश देऊ शकत नाही. मावशींना ‘कंपनीने उत्तर दिले आहे’ असं कळवून तक्रार बंद होते.

आदेश देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे, म्हणजे ज्याला आजही लोक ‘ग्राहक कोर्ट’ किंवा ‘ग्राहक मंच’ म्हणतात त्याला. तिथली तक्रार वेगळी, तिचा क्रमांक वेगळा. व्हिडिओत या दोन पायऱ्या दोन वेगळ्या दृश्यांत दाखवा. एकाच दृश्यात कोंबल्या की प्रेक्षक हेल्पलाइनचा क्रमांक जपून ठेवतो आणि ‘केस चालू आहे’ असं समजून निवांत बसतो. तो निवांतपणा महाग पडतो, कारण मुदतीचं घड्याळ चालूच असतं.

मुदत कोणत्या तारखेपासून?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. स्क्रिप्टमध्ये हे सहसा ‘खरेदीपासून दोन वर्षे’ असं उतरतं. ते चूक आहे. बिघाड खरेदीनंतर वर्षभराने झाला तर हिशेबच बदलतो.

मावशींच्या बाबतीत दोन तारखा समोर येतात: एप्रिल 2025 मधला पहिला बिघाड आणि 9 जुलै 2025 चा नकार. आपण नकाराची तारीख धरू, समोरचा वकील बिघाडाची धरेल. त्यामुळे व्हिडिओत सरळ सांगावं की दोन्हींतली आधीची तारीख धरा, म्हणजे एप्रिल 2027 उजाडायच्या आत तक्रार दाखल करा. मध्ये केलेले ईमेल, हेल्पलाइनची तक्रार, दुकानदाराचं ‘ताई, बघतो मी’ यांनी मुदत लांबते असं धरून चालू नये. उशीर झालाच तर कारणासह विलंब माफीचा वेगळा अर्ज करता येतो, पण तो मान्य करणं न करणं आयोगाच्या हाती.

वकिलाची नोटीस सक्तीची आहे, असंही बरेच जण लिहितात. कायद्यात तशी अट नाही. स्वतः लिहिलेलं पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवली तरी काम भागतं, आणि आयोगापुढे स्वतः उभं राहायलाही वकील लागत नाही.

कागदांचं दृश्य घाईत उरकू नका

स्क्रिप्टमध्ये इथे बहुधा एकच ओळ असते: ‘सर्व आवश्यक कागदपत्रे जोडा.’ खरी केस याच ओळीत दडलेली असते. एका स्क्रिप्टमध्ये मी त्या ओळीच्या जागी हा संवाद घालायला लावला:

भाची: मावशी, बिल दाखव बघू.
मावशी: हे घे. पण यावरचं काही दिसतच नाहीये गं!
भाची: थर्मल कागद आहे हा, उडतो. दुकानातून परत प्रिंट आणू. आणि मेकॅनिकने दर वेळी सही घेतलेले ते कागद?
मावशी: ती जॉब शीट होय? पहिल्या दोन्हींवर ‘ड्रमचा आवाज, बेअरिंग’ लिहिलंय. उंदीर फक्त तिसऱ्यावर आहे.
भाची: मग हेच सगळ्यात वर लावायचं.

दोनदा आलेल्या कंपनीच्याच माणसाला उंदीर दिसला नाही आणि तिसऱ्यांदा अचानक दिसला. ही विसंगती मावशींच्या दहा पानी कैफियतीपेक्षा जास्त बोलते. म्हणून कॅमेरा त्या तीन जॉब शीटवर जवळ न्या आणि तारखा वाचता येतील इतका वेळ थांबवा.

याच दृश्यात आणखी एक वाक्य हवं: ‘मशीन भंगारात देऊ नका.’ तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. वस्तूच नसेल तर तपासणार काय? व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट लावत असाल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्रही सोबत द्या, म्हणजे त्यावरून आक्षेप येत नाही.

चित्रीकरणासाठीही एक सूचना. बिल खरं असेल तर दुकानाचं नाव, मावशींचा मोबाइल आणि आधार क्रमांक पुसट करा. निकाल लागायच्या आत एखाद्या कंपनीला पडद्यावर चोर ठरवलं तर नोटीस मंडळाच्या पत्त्यावर येईल.

कोणाविरुद्ध आणि काय हवंय

‘विरुद्ध पक्ष’ या रकान्यात नुसतं ब्रँडचं नाव टाकलेलं मी अनेक स्क्रिप्टमध्ये पाहिलं आहे. त्या नावाची नोंदणीकृत कंपनी असेलच असं नाही, आणि नोटीस परत आली की महिने जातात. मावशींनी तिघांना पक्षकार करावं. एक, बिलावर ज्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे तो विक्रेता. दोन, वॉरंटी कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली उत्पादक कंपनी, तिच्या पत्त्यासह. तीन, जॉब शीट देणारं सर्व्हिस सेंटर. कंपनीचं मुख्य कार्यालय परराज्यात असलं तरी तिकडे जायची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे मावशींची तक्रार पुण्यातच दाखल होईल.

मागणीच्या रकान्यात ‘मला न्याय मिळावा’ लिहिलं की संवाद छान वाटतो, पण आदेशात उतरेल असं त्यात काहीच नसतं. मावशींनी असं लिहावं: 31,500 रुपये खरेदीच्या तारखेपासून व्याजासह परत, मानसिक त्रासापोटी 15,000 आणि तक्रारीचा खर्च 5,000. नुकसानभरपाईला पाच लाख मागून केस मोठी होत नाही. उलट, आकडा कशाच्या आधारे मांडला हे विचारलं की अडचण होते.

पैशांच्या बाबतीत जुने व्हिडिओ पाहून लिहिलेल्या स्क्रिप्ट हमखास चुकतात. जिल्हा आयोगाची मर्यादा कधी 20 लाख, तर कधी एक कोटी सांगितलेली असते. डिसेंबर 2021 च्या नियमांपासून ती 50 लाख आहे. ही रक्कम मोजायची ती वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.

‘सबमिट’वर व्हिडिओ संपवू नका

स्क्रीन रेकॉर्डिंग हा विद्यार्थ्यांचा लाडका भाग. तीन मिनिटं नुसते क्लिक. पण आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल करायच्या पोर्टलचा चेहरामोहरा बदलत राहतो. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती आलं, आणि `edaakhil.nic.in` दाखवणारे व्हिडिओ जुने झाले. म्हणून `e-jagriti.gov.in` हा पत्ता मोठा दाखवा, मोबाइल आणि ओटीपीने नोंदणी होते इतकं सांगा आणि बटणांच्या जागांपेक्षा काय तयार ठेवायचं यावर वेळ द्या: तारखांच्या क्रमाने लिहिलेली तक्रार, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका आणि पाननंबर घातलेल्या पीडीएफ. मोबाइलने काढलेल्या तिरक्या फोटोंची पीडीएफ वाचता आली नाही तर ती परत येते.

परत येते, म्हणजे ‘त्रुटी’ निघते. अपलोड झाल्यावर छाननी होते आणि सही राहिली, पान पुसट आहे, पत्ता अपुरा आहे असे शेरे खात्यात दिसतात. लोक पुन्हा लॉगिन करत नाहीत, तक्रार तिथेच अडकते आणि मग ‘सरकारी काम’ म्हणून खापर फुटतं. निवेदिकेच्या तोंडी हे वाक्य द्याच: ‘सबमिटनंतर दर आठवड्याला खातं उघडून पाहा.’

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण 21 दिवसांत ठरावं असं कायदा म्हणतो. दाखल झाली की विरुद्ध पक्षाला नोटीस जाते. लेखी जबाबासाठी त्याला 30 दिवस आणि वाढवून फार तर आणखी 15 मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये या 45 दिवसांपुढे सवलत नाही असं ठरवलं. त्यामुळे नोटीस कधी पोहोचली त्या तारखेचा पुरावा मावशींनी काढून ठेवावा. 46 व्या दिवशी आलेल्या जबाबावर आक्षेप घेता येतो. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर घाबरू नये. मशीन बदलून मिळत असेल तर तो बरा मार्ग असतो.

निकाल किती दिवसांत लागतो याचं ठाम उत्तर मात्र देऊ नका. तपासणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, लागत असेल तर पाच, असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. ‘90 दिवसांत पैसे परत’ अशी पाटी पडद्यावर झळकवलीत तर चौथ्या महिन्यात प्रेक्षक तुम्हालाच फोन करतील.

आदेश मावशींच्या बाजूने लागला तरी कंपनीला राज्य आयोगात अपील करायला 45 दिवस असतात, आणि त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवर घोषणेऐवजी हीच माहिती टाका आणि खाली 1915 व पोर्टलचा पत्ता द्या.