क म्हणताना ख ऐकू येतो तेव्हा

न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी मी मुळाक्षरांचे छोटे व्हिडिओ करते. पहिला व्हिडिओ सपशेल फसला. ‘क कपाचा, आता तू म्हण!’ असं म्हणून मी एक सेकंद थांबले आणि पुढे निघाले. पाच वर्षांचं मूल त्या एका सेकंदात श्वास घेतं, आठवतं, मग तोंड उघडतं. तोवर मी ‘ख’वर पोचलेली. आता मी कानामागे हात धरते आणि तेच अक्षर मनात सावकाश दोनदा म्हणून होईपर्यंत गप्प बसते. तीन सेकंद तरी जातात. संपादन करताना ही शांतता कंटाळवाणी वाटते, कापावीशी वाटते. कापू नका.

दुसरी अडचण उच्चाराची. मुलं ‘कप’ला ‘खप’सारखं काहीतरी म्हणत. चूक त्यांची नाही, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘क’बरोबर हवेचा झोत येतोच. पण ‘स’च्या मागून येणारा ‘क’ तिथेही कोरडा असतो. म्हणून मी त्यांना ‘स्काय’ म्हणायला लावते, मग ‘स्‌’ गिळायला सांगते. उरतं ‘काय?’ आणि ते मी आजीच्या ठसक्यात विचारते. मुलं खिदळतात, आणि ‘क’ बरोबर येतो.

त्यानंतर ओठांसमोर टिश्यूची पातळ पट्टी धरायची. ‘ख’ला ती उडते, ‘क’ला जेमतेम हलते. पट्टी आणि ओठ दोन्ही दिसतील असं बाजूने चित्रण करा. ‘ग’ आणि ‘घ’ त्याच व्हिडिओत कोंबू नका. मी कोंबले होते आणि मुलं चारही अक्षरांवर नुसतीच फुंकर मारत बसली.

फोन तोंडासमोर नको, वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला हवा. आवाजातली खरखर काढणारी सोय बंद ठेवा. ती झोतालाच खरखर समजून पुसते, आणि तुमचा ‘ख’ ‘क’ होतो. खात्री करायची तर पुण्यातल्या एखाद्या आत्याला चित्राविना फक्त आवाज पाठवा आणि कोणती अक्षरं ऐकू आली ते विचारा. माझ्या आत्याने पहिल्या फेरीत लिहून पाठवलं, ‘क, क, क, क. घसा बरा आहे ना?’

शब्द निवडताना मी खटारा टाळते. इथल्या मुलाने तो पाहिलेलाच नसतो. खुर्चीही नको. तिथे डोळ्यांना ‘खु’ दिसतो आणि उकाराचं लचांड आधीच मागे लागतं. खडू चालतो: पहिलं अक्षर सुटं दिसतं, आणि वस्तू हातात धरता येते. ‘ळ’साठी सुरुवातीचा शब्द मिळणारच नाही, म्हणून तिथे मी केळं सोलते आणि शेवटच्या अक्षरावर थांबते. ‘ळं’चा अनुस्वार मात्र दाखवावा लागतो, म्हणून पुढच्या खेपेला फळ घेणार आहे.