ऑनलाइन लिलावातली वस्तू घरी येईपर्यंत कितीला पडते? बोलीचा आकडा उलटीकडून कसा काढावा

वेंगुर्ल्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात लंबकाचं घड्याळ होतं, तिथे आता नुसता खिळा आहे. ती जागा भरायची असं माझ्या आतेभावाने ठरवलं आणि मुंबईतल्या एका लिलावगृहाच्या संकेतस्थळावर त्याला हवं तसं घड्याळ सापडलं. सागवानी चौकट, पुढे काच, उंची तीन फुटांच्या आसपास. बजेट 25,000 रुपये. त्याने फोनवर 21,000 ची कमाल बोली भरायला घेतली होती. मी विचारलं, पाठवायचा खर्च धरलास का? तर म्हणाला, "अरे, अठरा टक्के प्रीमियम धरून पंचवीसात बसता. आणखी काय व्हया?"

तेवढ्यावर भागत नाही. त्या बोलीने घड्याळ घरी यायला 34,000 रुपये लागले असते. ते कसे, आणि बोलीचा खरा आकडा कसा काढायचा, हे याच घड्याळावरून पाहू.

आधी अटींचं पान

बोलीचा जो आकडा पडद्यावर दिसतो तो फक्त हातोड्याची किंमत, म्हणजे शेवटची बोली जिथे थांबते तो आकडा. कमाल बोली म्हणून तुम्ही जो आकडा भरता तोही हातोड्याचाच, त्यात दुसरं काही धरलेलं नसतं. त्यावर लिलावगृह स्वतःचं कमिशन लावतं, तो बायर्स प्रीमियम. या घड्याळाला तो 18 टक्के होता. प्रीमियम ही लिलावगृहाची सेवा, म्हणून त्यावर वेगळा 18 टक्के जीएसटी. म्हणजे हातोड्याच्या दर शंभर रुपयांमागे 18 रुपये प्रीमियम आणि त्यावर 3 रुपये 24 पैसे कर, मिळून 21.24.

इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढच्या ओळीत: खुद्द वस्तूवर कर आहे का? हे विकणारा कोण यावर ठरतं. घरातली जुनी वस्तू कुणी खासगी माणूस लिलावगृहामार्फत विकत असेल, तर अनेक ठिकाणी हातोड्याच्या किमतीवर जीएसटी लागत नाही. विकणारा नोंदणीकृत व्यापारी असेल तर लागतो. लिलावातल्या प्रत्येक वस्तूला लॉट म्हणतात; लॉटच्या वर्णनाखाली किंवा लॉट क्रमांकापुढच्या खुणेत हे दिलेलं असतं. सापडलं नाही तर ईमेल करून लेखी विचारावं, कारण हजारोंचा फरक इथेच पडतो.

दरही वस्तूच्या वयावर बदलतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू या वर्गात मोडते आणि तिच्यावर 5 टक्के जीएसटी आहे (22 सप्टेंबर 2025 च्या आधी तो 12 टक्के होता). साध्या भिंतीवरच्या घड्याळाला 18 टक्के. आमच्या लॉटच्या वर्णनात "सुमारे 1930" असं होतं, म्हणजे शंभरी भरलेली नाही. विकणारा व्यापारी होता. तेव्हा 18 टक्केच. लिलावगृह महाराष्ट्रातलं असल्याने बिलात हा कर 9 अधिक 9 असा दोन ओळींत दिसतो. परराज्यातलं असतं तर 18 ची एकच ओळ आली असती. बेरजेत फरक नाही.

आता शंभर रुपयांच्या हातोड्यामागे 100 अधिक 21.24 अधिक 18, म्हणजे 139.24 रुपये. हा आपला गुणक: 1.3924. लिलावगृहाच्या संकेतस्थळाऐवजी तिसऱ्याच मंचावरून बोली लावली, तर काही टक्के जादा घेतले जातात. कार्डाने पैसे भरले तर त्याचंही शुल्क असू शकतं. आम्ही त्यांच्याच साइटवर बोली लावायची आणि पैसे एनईएफटीने भरायचे ठरवलं, त्यामुळे गुणक तेवढाच राहिला.

वाहतूक: वजन नव्हे, खोका

कोकणात राहणाऱ्याने सर्वात जास्त वेळ याच भागाला द्यावा. घड्याळाचं वजन 11 किलो. भावाने 11 किलोचा कुरिअर दर पाहिला आणि खूश झाला. पण कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकारमानी वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5,000 ने भागायचं. रस्त्याने माल नेणारे कधी 4,500 ने वगैरे भागतात, तेव्हा भाजक विचारूनच घ्यावा. भाजक लहान तितकं वजन जास्त.

आणि मापं खोक्याची, घड्याळाची नव्हेत. लिलावगृहाने लाकडी पेटीची मापं कळवली: 110 बाय 55 बाय 35. गुणाकार 2,11,750, भागिले 5,000 म्हणजे 42.35. वर पूर्ण करून 43 किलो. अकरा किलोच्या घड्याळाचे त्रेचाळीस किलोचे पैसे!

28 रुपये किलोने भाडं 1,204, इंधन अधिभार 15 टक्के म्हणजे 181, पावतीचे 100. मग गावाचा प्रश्न. बऱ्याच कंपन्यांची गाडी कुडाळ-सावंतवाडीपर्यंत येते आणि वेंगुर्ल्याचा पिनकोड त्यांच्या लेखी "डिलिव्हरी क्षेत्राबाहेर" असतो. त्याचे 700 जादा. ते नको असतील तर कुडाळच्या गोदामातून स्वतः आणावं, पंचवीसेक किलोमीटर आहे. पण दर विचारताना फक्त "सिंधुदुर्ग" सांगू नका, पिनकोड सांगा. नाहीतर हे 700 माल निघाल्यावर कळतात.

जोखमीचं एक कलमही बघून घ्यावं. पावतीवर "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं असेल तर काच फुटली तरी हातात फारसं काही येत नाही. वाहतूकदाराच्या जोखमीवर पाठवायचं तर आपण मालाची जी किंमत जाहीर करतो तिच्या ठरावीक टक्के द्यावे लागतात. आम्हाला 20,000 जाहीर किमतीवर 2 टक्के, म्हणजे 400 सांगितले. त्यातही काच वगळलेली असू शकते, ते वाचावं.

भाडं, अधिभार, पावती, जादा क्षेत्र, जोखीम मिळून 2,585. पेटीचे 1,500. एकूण 4,085, त्यावर 18 टक्के जीएसटी 735. वाहतूक झाली 4,820 रुपये. हा खर्च बोलीबरोबर फारसा हलत नाही, म्हणून तो गुणकात घालायचा नाही, बजेटातून आधीच वजा करायचा.

आता उलटं गणित

25,000 मधून 4,820 गेले, उरले 20,180. याला 1.3924 ने भागलं की 14,493. स्प्रेडशीटमध्ये हे असं येतं:

```
=(25000-4820)/(1+0.18*1.18+0.18)
```

पहिला 0.18 प्रीमियमचा, 1.18 त्यावरच्या करासाठी, शेवटचा 0.18 वस्तूवरच्या कराचा. हेच घड्याळ शंभर वर्षांपेक्षा जुनं असतं तर शेवटी 0.05 घालून 15,985 आले असते. हातोड्यावर कर नसता तर 16,600 च्या घरात. एकाच बजेटात, केवळ विकणारा आणि वय बदलल्याने, बोली दोन हजारांनी हलते.

इथे एक सापळा आहे. काही जण 20,180 मधून 39.24 टक्के वजा करतात. मग 12,261 येतात आणि घड्याळ दुसरा घेऊन जातो. टक्के हातोड्यावर लागलेत, एकूण रकमेवर नव्हे, म्हणून भागाकारच करायचा.

लिलावात बोली टप्प्याटप्प्याने चढते. या लिलावात 10,000 ते 20,000 मध्ये पायरी 500 ची होती. 14,493 ही बोली लागतच नाही, एक तर 14,000 नाहीतर 14,500. 14,500 ला एकूण 25,010 होतात. दहा रुपयांसाठी भाऊ मागे हटला नसता, पण कोणत्या पायरीवर थांबायचं हे बोली सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवावं. शेवटच्या दोन मिनिटांत 500 ची पायरी 500 चीच वाटते, प्रत्यक्षात ती 696 ची असते.

आणि 21,000 चं काय झालं असतं? 21,000 गुणिले 1.3924 म्हणजे 29,240, अधिक 4,820, एकूण 34,060.

गणपतीला येणारी गाडी

मग मी सुचवलं की वाहतूकच नको. आतेभावाची बहीण डोंबिवलीला असते, गणपतीला गाडीने येतेच. तिने अधिकारपत्र आणि ओळखपत्र दाखवून घड्याळ गोदामातून उचलावं आणि चतुर्थीला घेऊन यावं. यात एकच खर्च लपलेला असतो, तो साठवणुकीचा. ठरावीक दिवस फुकट ठेवतात, पुढे रोजचा आकार लागतो. तेव्हा दहा दिवस फुकट होते, मग रोज 60. जुलैच्या मध्याला घेतलेलं घड्याळ गणपतीपर्यंत तिथेच पडलं असतं तर फुकटचे दहा सोडून पंचेचाळीस दिवसांचे 2,700, त्यावर कर 486, म्हणजे 3,186. म्हणून ते फुकटच्या दहा दिवसांतच उचलून तिच्या घरी ठेवायचं ठरलं.

वाहतूक शून्य झाली तेव्हा बजेटाचा भागाकार बदलला: 25,000 भागिले 1.3924 म्हणजे 17,954. पायरी 17,500, एकूण 24,367. बोलीची मर्यादा 3,000 ने वर गेली. वस्तू नेमकी कोण, कधी, कशी आणणार हे ठरल्याशिवाय बोलीचा आकडा ठरत नाही. बहिणीला "आणशील ना?" एवढंच विचारून चालत नाही, तारीख पक्की करून घ्यावी.

गाडीतून आणायचं तर लंबक काढून वेगळा गुंडाळावा, नाहीतर घाटात तो आतल्या आत आपटून यंत्राची पातळ पट्टी वाकवतो. काच चौकटीतून सुटत असेल तर ती गोधडीत घालून मागच्या सीटवर उभी ठेवावी.

बिल आल्यावर

तीन आकडे ताडून बघावेत. प्रीमियम हातोड्यावरच काढला आहे ना? प्रीमियमवरचा 18 टक्के फक्त प्रीमियमवर लागलाय की एकूण रकमेवर? आणि वस्तूवरचा दर लॉटच्या वर्णनात सांगितलेलाच आहे का? व्यापारी असल्याची खूण नसलेल्या लॉटवर हातोड्याचा कर लावून आलेलं बिल मी पाहिलं आहे. पैसे भरण्याआधी ईमेल केल्यावर ते दुरुस्त झालं. भरल्यावर तीच दुरुस्ती महिनाभर चालते.

माल कुरिअरने आला तर पावतीवर सही करण्याआधी पेटी बघावी, कोपरा दबलेला असेल तर "पेटी फुटलेली मिळाली" असं त्याच पावतीवर लिहावं आणि उघडताना मोबाइलवर चित्रण करावं.

भावाची बोली 16,500 ला लागली. एकूण 22,975.