दोन कंपन्यांचे राउटर, एकच वायफाय

दोन्ही राउटरांच्या खोक्यांवर ‘मेश’, म्हणजे अनेक राउटर मिळून एकच वायफाय, असं छापलेलं, तरी जोडणी होईना. बहुतेक कंपन्यांचं मेश आपापल्याच राउटरांपुरतं चालतं. वेगवेगळ्या कंपन्यांचं मेश जुळावं म्हणून केलेल्या ईझीमेश मानकाचं प्रमाणपत्र दोन्हींकडे असेल तरच एकमेकांशी जुळायची आशा, तीही मूलभूत गोष्टींपुरती. मग मेशचा नाद सोडला. वरच्या मजल्यावरचा राउटर Access Point मोडवर टाकला, म्हणजे आयपी पत्ते वाटायचं काम खालच्याकडेच राहिलं, आणि मध्ये लॅन केबल ओढली. नाव, पासवर्ड, WPA2 दोन्हीकडे तंतोतंत सारखं, 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनल मात्र 1 आणि 6, म्हणजे एकमेकांत लुडबूड नको.

तरी जिना चढल्यावर फोन खालच्यालाच चिकटून! कुठे जोडायचं ते शेवटी फोन ठरवतो, 802.11k आणि 802.11v ही वायफायची मानकं त्याला फक्त माहिती देतात, सुचवतात. खालच्याची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नलची ताकद, कमी करून Medium केली, तेव्हा फोन आपणहून वर सरकू लागला.