७ + ७७ + ७७७ + … ची बेरीज: नऊचा आधार घ्या

ठाण्यात नौपाड्यातल्या शिकवणीच्या वर्गांत अकरावीची मुले हे उदाहरण पाहताच भूमिती श्रेढीचे सूत्र थेट लावू पाहतात; परंतु ७७ ÷ ७ = ११ आणि ७७७ ÷ ७७ साधारण १०.०९ येत असल्याने गुणोत्तर स्थिर नाही, आणि म्हणून ही मालिका मुळात भूमिती श्रेढीच नाही.

प्रत्येक पदातून ७ बाहेर काढावा, उरलेल्या १, ११, १११ यांना ९ ने गुणून भागावे आणि ९, ९९, ९९९ हे 10 − 1, 10² − 1, 10³ − 1 असे लिहावे. आता दहाचे घात खरी भूमिती श्रेढी होतात, आणि प्रत्येक पदातला १ मिळून n वजा होतो:

S = (7/9) [ 10(10ⁿ − 1)/9 − n ]

तीन पदांसाठी कंसात 1110 − 3 = 1107 येते, त्याला ९ ने भागून 123 आणि सातपट 861, जी प्रत्यक्ष बेरीज आहे.

सर्वाधिक गुण जातात ते n ऐवजी केवळ १ वजा केल्याने. तसे केल्यास 1109 उरते, ज्याला ९ ने भाग जात नाही, म्हणून चूक लगेच दिसते. मात्र दहा पदांच्या उदाहरणात चुकीच्या कंसालाही भाग जातो, तेव्हा त्या पडताळ्यावर विसंबू नये.

०.७ + ०.७७ + ०.७७७ असे असल्यास पदे 1 − 0.1, 1 − 0.01 अशी होतात आणि n अधिक राहून श्रेढी वजा होते: (7/9)(3 − 0.111) = 2.247.