सत्राचा अहवाल देण्यापूर्वी आधी भाजक ठरवा

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राचा तुकडीवार निकाल आणि हजेरीचा कल मुख्याध्यापिकांपुढे ठेवण्याचे काम आमच्या ठाण्यातील शाळेत परीक्षा विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी नववी ‘ब’चा गणिताचा निकाल नऊ टक्क्यांनी घसरल्याचे मी लिहून दिले, वर्गशिक्षिकांना लगेच बोलावणे गेले, आणि चार दिवसांनी लक्षात आले की निकाल प्रत्यक्षात वाढलेला होता. यंदाची ही तयारी त्या चार दिवसांच्या आठवणीतून लिहीत आहे.

गुणतक्ते, हजेरीपत्रके आणि जनरल रजिस्टर एका टेबलावर आणून ठेवावेत, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर एकही टक्केवारी काढण्यापूर्वी कोणत्या संख्येने भागायचे ते कागदावर लिहावे. माझी चूक नेमकी येथे झाली. नववी ‘ब’च्या यादीत बावन्न नावे होती. त्यांपैकी तिघे ऑगस्टपर्यंत दाखला घेऊन गेले होते, म्हणजे परीक्षेच्या दिवशी पट एकोणपन्नास होता, आणि गणिताच्या पेपरला चौघे गैरहजर असल्याने प्रत्यक्षात पंचेचाळीस मुले बसली. उत्तीर्ण झाली छत्तीस. बावन्नने भागले तर 69 टक्के येतात, पटाने भागले तर 73 आणि बसलेल्यांनी भागले तर 80. आदल्या वर्षीचा 78 टक्के हा आकडा बसलेल्यांवर काढलेला होता, आणि मी त्याच्याशेजारी 69 मांडला.

भाजक बिघडला तो शून्यामुळे. फाईल नीटनेटकी दिसावी म्हणून मी रिकामी घरे शून्याने भरली आणि गेलेली मुले, गैरहजर मुले व खरोखर शून्य मिळवणारा मुलगा असे सगळे एकाच रांगेत उभे राहिले. म्हणून गैरहजर मुलासमोर ‘गैह’ असेच लिहावे, दाखला घेऊन गेलेल्याचे घर रिकामे सोडावे, आणि शून्य फक्त ज्याला शून्य गुण मिळाले त्यालाच द्यावे. शेकडा गुणांच्या रकान्यावर पुढील सूत्र चालते, कारण त्यातील COUNT फक्त अंक मोजतो आणि ‘गैह’ वगळतो:

```
=COUNTIF(F2:F53,">=35")/COUNT(F2:F53)
```

मात्र तेवढ्यावर थांबू नये. बसलेल्यांवरचा निकाल चांगला दिसतो याचे एक कारण कच्ची मुले पेपरलाच न येणे हेही असू शकते, म्हणून पट, बसलेले, गैरहजर आणि उत्तीर्ण हे चारही आकडे टक्केवारीच्या शेजारी छापावेत. भाजक दिसत नसलेली टक्केवारी अहवालात ठेवूच नये.

हजेरीलाही हाच नियम लागू आहे. सत्राचे कामाचे दिवस 98 होते, पण एक मुलगी ऑगस्टमध्ये दाखल झाली आणि तिच्या वाट्याला 61 दिवसच आले. त्यांपैकी 58 दिवस ती हजर होती, म्हणजे 95 टक्के. मी 98 ने भागून तिला 59 टक्क्यांवर आणले आणि कमी हजेरीच्या यादीत टाकले. तिच्या वडिलांना पत्र जाण्याआधी वर्गशिक्षिकांनी ते अडवले, हे नशीब. उशिरा आलेल्यांचा आणि गेलेल्यांचा भाजक वेगळा असतो. तो जनरल रजिस्टरमधील तारखेवरूनच घ्यावा, स्मरणावरून नव्हे.

कामाचे दिवसही दोन्ही अधिवेशनांचे सारखे धरू नयेत. जुलैतील मुसळधार पावसात सुट्टी जाहीर होईपर्यंत सकाळचे वर्ग भरलेले असतात आणि दुपारचे भरतच नाहीत, त्यामुळे सकाळच्या हजेरीपत्रकात तो दिवस मोजला जातो आणि दुपारच्या हजेरीपत्रकात जात नाही.

कल दाखवताना सत्राची एकच सरासरी देऊ नये, महिनावार द्यावी आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावी. गणपतीत निम्मा वर्ग कोकणात गेलेला असतो. तो सण एका वर्षी ऑगस्टअखेर आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर येतो, तेव्हा त्या महिन्याची घसरण वर्गाच्या माथी मारण्यापूर्वी दिनदर्शिका उघडावी. गणपतीचे दिवस वगळूनही उतार राहिला, तरच तो लिहावा.

उरलेले थोडक्यात. प्रत्येक तुकडीला एकच पान, आलेख एकच, मुलांची नावे फक्त स्वतंत्र यादीत. मसुदा आधी वर्गशिक्षकांकडे पाठवून पटाच्या आकड्यासमोर त्यांची सही घ्यावी, पटाच्या आकड्यासमोरच, निकालासमोर नव्हे. मग छपाई करावी आणि फाईल मुख्याध्यापिकांकडे द्यावी.